माझं नाव घेतलंत, त्याबद्दल

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. सोमवारची मीटिंग सुरू आहे आणि विषय नेहमीचाच आहे: माल भरून झालेल्या गाड्या गेटवर तासन्‌तास का खोळंबतात? डिस्पॅच विभागातला एक कनिष्ठ सहायक दबक्या आवाजात सुचवतो, की पॅकिंग लिस्ट आदल्या संध्याकाळी हातात आली, तर बिल तयार करून ई-वे बिलाचा मालाविषयीचा भाग तेव्हाच भरून ठेवता येईल. सकाळी गाडी आली की फक्त तिचा नंबर टाकायचा. कोणी मान हलवतं, कोणी फोनमध्ये बघत असतं. बोलणं ट्रान्सपोर्टरच्या दरांकडे वळतं. थोड्या वेळाने प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, ‘कागदपत्रं आदल्या दिवशीच तयार ठेवली तर?’ आता सगळ्यांना ती कल्पना पटते. वहीत नोंद व्हायच्या आत क्वालिटीच्या मॅडम म्हणतात, ‘मघाशी डिस्पॅचमधून हेच सुचवलं गेलं होतं. ई-वे बिलाचे दोन भाग कसे भरायचे, ते त्याच्याकडूनच ऐकू या.’

मुलगा उभा राहतो, पाच मिनिटं बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो. त्या कामाची जबाबदारी त्याच्याकडेच येते.

जागेवर परत आल्यावर त्याला मॅडमना मेल पाठवावासा वाटतो, आणि तो अडतो. ‘थँक्यू मॅडम’ एवढंच लिहिलं तर कोरडं वाटतं. जास्त लिहिलं तर मस्का लावल्यासारखं दिसतं. साहेबांना सीसीत ठेवायचं का, हे कळत नाही. शेवटी ‘भेटल्यावर सांगू’ म्हणून तो खिडकी बंद करतो, आणि जिन्यात भेट होते तेव्हा दोघंही घाईत असतात. हा प्रसंग इथे समजावण्यासाठी रचलेला आहे, पण नोकरी केलेल्या कोणालाही तो परका वाटणार नाही. सहा-सात ओळींच्या या मेलमध्ये नेमकं काय असावं आणि काय नसावं, हे बघण्याआधी मॅडमनी केलं ते किती अवघड होतं, हे समजून घ्यायला हवं. तेच नीट उमगलं नाही, तर मेल लिहिताच येत नाही.

मीटिंगमध्ये कल्पना चोरली जाते, असं आपण सहज म्हणून जातो. लबाडीने श्रेय लाटणारी माणसं असतातच. पण पुष्कळदा कल्पनेचा मालक हरवतो तो लबाडीमुळे नव्हे, तर माणसाच्या स्मरणशक्तीच्या घडणीमुळे. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. माणसं टेबलाभोवती बसवली आणि प्रत्येकाने आपली पाळी आली की एक शब्द मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं. नंतर कोणते शब्द आठवतात ते विचारलं. आपल्या पाळीच्या अगदी आधी जे वाचलं गेलं, तेच लोकांना सगळ्यात कमी आठवत होतं. कारण उघड आहे. आपण काय बोलायचं, या तयारीत मन गुंतलेलं असताना कान उघडे असूनही ऐकणं होत नाही. मीटिंगमध्ये कनिष्ठ माणूस बोलतो, तेव्हा त्याच्यानंतर बोलणारा ज्येष्ठ बहुधा याच अवस्थेत असतो.

दुसरा प्रयोग 1989 चा, अ‍ॅलन ब्राऊन आणि डाना मर्फी यांचा. चार-चार जणांच्या गटाला एखादा विषय द्यायचा, समजा खेळ किंवा वाद्यं, आणि पाळीपाळीने एकेक नाव सांगायला लावायचं. नंतर प्रत्येकाला दोन गोष्टी विचारल्या: तुम्ही स्वतः कोणती नावं सांगितली होती, आणि अजून कोणालाच न सुचलेली नवी नावं कोणती? काहींनी दुसऱ्याने सांगितलेली नावं आपली म्हणून दिली, काहींनी तीच नवी म्हणून पुढे केली. तिथे पगारवाढ नव्हती, बढती नव्हती, खोटं बोलण्याचं काही कारणच नव्हतं. गोष्ट डोक्यात राहिली होती, ती कोणाकडून आली हे मात्र पुसलं गेलं होतं.

प्रॉडक्शनच्या साहेबांचंही तसंच झालेलं असू शकतं. म्हणून मॅडमचं वाक्य मोलाचं ठरतं. त्यांनी ऐकलं, कोणी म्हटलं ते लक्षात ठेवलं, आणि साहेबांचा मान राखून, योग्य क्षणी, भर सभेत सांगितलं. शिवाय नुसतं नाव घेऊन त्या थांबल्या नाहीत, पुढचं बोलणं त्या मुलाकडे सोपवलं. मेलमध्ये आभार मानायचे ते या कृतीचे.

असं नाव घेण्याची अगदी ठरवून केलेली पद्धतही एका मोठ्या कार्यालयात होऊन गेली आहे, ती म्हणजे बराक ओबामा यांच्या काळातलं व्हाइट हाऊस. ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या वरिष्ठ सहायकांपैकी दोन तृतीयांश पुरुष होते. महत्त्वाच्या बैठकीत शिरकाव मिळवण्यासाठी तिथल्या महिलांना धडपड करावी लागे, आणि आत गेल्यावरही त्यांच्या म्हणण्याकडे काही वेळा दुर्लक्ष होई. मग त्यांनी आपसात एक संकेत ठरवला. एकीने महत्त्वाचा मुद्दा मांडला, की दुसरीने तोच मुद्दा पुन्हा सांगायचा, आणि तो मुळात कोणाचा हे नावानिशी बोलायचं. त्यामुळे बैठकीतल्या पुरुषांना त्या योगदानाची दखल घ्यावीच लागे आणि तो मुद्दा स्वतःच्या नावावर करण्याची संधी उरत नसे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने 2016 मध्ये ही हकीकत छापली. ओबामांच्याही ते लक्षात आलं आणि ते महिलांना व कनिष्ठ सहायकांना अधिक वेळा बोलायला सांगू लागले, असं त्या बातमीत म्हटलं होतं.

पुढे क्रिस्टिन बेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावर संशोधन केलं. ते 2021 मध्ये ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये आलं. दुसऱ्याचा मुद्दा त्याच्या नावानिशी उचलून धरला, तर ज्याचं नाव घेतलं त्याची पत वाढते, आणि घेणाऱ्याचीही वाढते, असं त्यांना दिसलं. हे आभार मानणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावं. क्वालिटीच्या मॅडमनी स्वतःचं काही गमावून उपकार केलेले नाहीत. म्हणून मेलचा सूर ‘माझ्यासारख्या लहान माणसासाठी तुम्ही एवढं केलंत’ असा दीनवाणा असायचं कारण नाही. एका कामसू माणसाने दुसऱ्या कामसू माणसाच्या नेकीची नोंद घ्यावी, तसा तो असावा.

आता प्रत्यक्ष मेल. पहिला खर्डा बहुतेकांचा असा होतो: ‘मॅडम, आजच्या मीटिंगमध्ये सपोर्ट केल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मला खूप आत्मविश्वास मिळाला. माझ्या करिअरला याचा नक्की फायदा होईल. यापुढेही असाच सपोर्ट राहू द्या.’

यात खोटं काहीच नाही. तरी तो फसलेला आहे, कारण पाच वाक्यांत मॅडम जवळजवळ नाहीतच. मला वाटलं, मला मिळालं, माझा फायदा. त्यांनी काय केलं, हे ‘सपोर्ट’ या एका शब्दात गुंडाळून टाकलं आहे. सारा अल्गो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कृतज्ञतेवरच संशोधन करतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांच्या आभारांची वाक्यं तपासली होती. त्यात दोन तऱ्हेची वाक्यं त्यांनी वेगळी काढली. एक, ‘त्यामुळे मला किती बरं झालं’ अशी. दुसरी, ‘तू किती विचार करून हे केलंस’ अशी. ऐकणाऱ्याला आनंद आणि आपलेपणा वाटण्याचा संबंध दुसऱ्या तऱ्हेशी दिसला, पहिल्या तऱ्हेशी नाही. अभ्यास जोडप्यांचा होता, तो जसाच्या तसा कचेरीला लावता येणार नाही. पण वरचा खर्डा वाचताना काय खटकतं, ते त्यातून नेमकं सापडतं.

शेवटचं वाक्य तर काढूनच टाकावं. ‘यापुढेही सपोर्ट राहू द्या’ म्हटलं, की आभाराच्या मेलचा अर्ज होतो. मागितलं काहीच नाही, असा मेल मिळणं कचेरीत दुर्मीळ असतं, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो. त्याच मेलमध्ये ‘ता. क. त्या रिपोर्टवर सही बाकी आहे’ असं जोडण्याचा मोहही टाळावा. रिपोर्टचा मेल वेगळा पाठवावा, तासाभराने पाठवला तरी चालतो.

सुधारलेला मेल असा होऊ शकतो:

विषय: आजच्या मीटिंगबद्दल आभार

नमस्कार मॅडम,

आज गाड्यांच्या विषयावर बोलताना तुम्ही माझा मघाचा मुद्दा लक्षात ठेवून माझं नाव घेतलंत, आणि ई-वे बिलाचं समजावून सांगायला मलाच पुढे केलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

बोलणं दुसऱ्या विषयाकडे गेलं होतं, त्यामुळे तो मुद्दा मागे पडला असं मी धरून चाललो होतो. तुम्ही तो ज्या सहजतेने परत आणलात, त्यात कोणाला अवघडल्यासारखं झालं नाही. हे मला शिकण्यासारखं वाटलं.

पॅकिंग विभागाशी बोलून उद्यापासून दोन गाड्यांवर हे करून बघतो आहे.

आपला,
(नाव, डिस्पॅच)

यात काय आहे? पहिल्याच परिच्छेदात प्रसंग, कृती आणि आभार येतात. मॅडमच्या दिवसात पाच मीटिंग झाल्या असतील. कशाबद्दल मेल आला आहे, हे त्यांना आठवावं लागत नाही. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कृतीतलं बारीक कौशल्य आहे. तेच या मेलचं मर्म, कारण ते फक्त तिथे हजर असलेला आणि नीट बघणारा माणूसच लिहू शकतो. स्वतःबद्दल त्यात एकच वाक्य आहे आणि ते प्रसंग कळण्यापुरतं आहे. शेवटचं वाक्य कामाचं आहे. मॅडमनी ज्या कल्पनेसाठी तोंड उघडलं, तिचं पुढे काय होणार हे त्यांना कळतं. ‘मनापासून’ एकदाच येतो. उद्गारचिन्हांची रांग नाही, हात जोडलेल्या चित्रांची माळ नाही.

बरोबरीच्या सहकाऱ्याला हाच मेल दोन ओळींत होतो: ‘अरे, मघाशी तू बरोबर वेळ साधून माझं नाव घेतलंस. माझा मुद्दा गेलाच होता, तू परत आणलास. थँक्यू.’ रोज एकत्र डबा खाणाऱ्या मित्राला ‘आदरणीय’ लिहिलं तर त्यालाच काळजी वाटेल.

शब्द जमतील का, या धास्तीने अनेक मेल पाठवलेच जात नाहीत. ही धास्ती फारशी खरी नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं, आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज करायला सांगितलं. मग ज्यांना ती पत्रं मिळाली, त्यांनाच जाऊन विचारलं. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते पुष्कळ कमी झालं होतं. आश्चर्य आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त झाला होता. लिहिणारे आपली शब्दयोजना नीट आहे ना, याची चिंता करत होते. वाचणाऱ्यांचं लक्ष त्यातल्या जिव्हाळ्याकडे होतं. व्याकरणाची एखादी चूक राहिली तरी मेल जाऊ द्यावा, असा याचा सरळ अर्थ आहे.

सीसीचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. साहेबांना सीसीत ठेवलं तर मॅडमचा चांगुलपणा वरपर्यंत पोहोचेल, असा हेतू असतो. पण सीसी बघताच मेलचा अर्थ बदलतो. मॅडमना प्रश्न पडतो, हे मला लिहिलं आहे की मला दाखवून साहेबांना? शिवाय या प्रसंगात साहेबांनीच तो मुद्दा नकळत पुन्हा मांडला होता. ‘तुम्ही माझं नाव घेतलंत’ हे वाक्य त्यांच्या नजरेतून वाचलं, तर त्यात चिमटा दिसतो. जे मॅडमनी सभेत अलगद सांभाळलं, ते मेलने बिघडतं. म्हणून आभाराचा मेल एकट्या त्या व्यक्तीला जावा. बीसीसी तर मुळीच नको, कारण लपवलेला वाचक पुढे कधी उघड झाला, तर मनापासून लिहिलेल्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

मॅडमची चांगली बाजू त्यांच्या वरिष्ठांना कळावी, अशी खरी इच्छा असेल तर त्याची वेगळी वाट आहे. त्यांना विचारून, त्यांच्या वरिष्ठांना स्वतंत्र चार ओळी लिहाव्यात. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी असे मेल उपयोगी पडतात, म्हणून अनेक जण ते एका फोल्डरमध्ये जपून ठेवतात.

याच कारणासाठी एक पथ्य कडकपणे पाळायला हवं. आभाराच्या मेलमध्ये तिसऱ्या माणसाविषयी एक अक्षरही वाईट लिहू नये. ‘साहेबांनी माझी कल्पना ढापली होती, तुम्ही वाचवलंत’ हे वाक्य रागाच्या भरात सहज लिहून जातं. ते चहाच्या टपरीवर बोलणं वेगळं आणि कंपनीच्या मेलवर लिहिणं वेगळं. मेल फॉरवर्ड होतो, एखाद्या लांबलचक साखळीच्या तळाशी राहून भलत्याच माणसापुढे उघडतो, कंपनीच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं राहतो. असं वाक्य मिळालं, की मॅडमही अडचणीत येतात. त्यांनी नुसतं नाव घेतलं होतं. आता त्या एका भांडणातल्या साक्षीदार झाल्या. साहेब वारंवार असं करत असतील, तर ते त्यांच्याशी किंवा योग्य जागी स्वतंत्रपणे बोलायचं प्रकरण आहे. आभाराच्या आडून ते बोलू नये.

पाठवायची वेळ? त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्याने पाठवला तर ‘आता का?’ असा प्रश्न उभा राहतो, आणि प्रसंगातले बारकावेही पुसट झालेले असतात. मीटिंगच्या इतिवृत्तात नाव आलं की नाही, हे पाहून मेल पाठवू नये. इतिवृत्तात चूक असेल, तर ज्याने ते पाठवलं त्याला दुरुस्ती कळवावी. मॅडमकडे तक्रार नेली, तर त्यांनी पुन्हा एकदा आपली बाजू लढवावी अशी अपेक्षा केल्यासारखं होतं.

या सगळ्यात एक खाचखळगा फार लोकांच्या ध्यानात येत नाही. मॅडमनी दिलेलं श्रेय पूर्ण बरोबर असेलच असं नाही. समजा, पॅकिंग लिस्ट संध्याकाळीच तयार होऊ शकते, हे त्या मुलाला पॅकिंगच्या सुपरवायझरनी सांगितलं होतं. लिस्ट लवकर देण्याची कल्पना त्यांची, ई-वे बिलाचा दुवा याचा. मीटिंगमध्ये सगळं श्रेय एकट्याला मिळालं आणि गडबडीत तो काही बोलला नाही. अशा वेळी मेलमध्ये एक वाक्य वाढवलंच पाहिजे: ‘लिस्ट आदल्या दिवशी मिळू शकते, हे मला पॅकिंगच्या सुपरवायझरनी सांगितलं होतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी ते सांगणार आहे.’ हे वाक्य लिहायला जड जातं, कारण नुकतंच हाती आलेलं त्यातलं अर्धं आपणच परत करायचं असतं. पण ते लिहिलं नाही, तर ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे तीच आपण दुसऱ्याला नाकारलेली असते. आणि सुपरवायझरना हे कधी ना कधी कळतंच. कारखान्यात अशी गोष्ट झाकून राहत नाही.

ते सांगायचं तर भर सभेतच सांगायला हवं. नंतर एकट्याने गाठून ‘खरं तर आयडिया तुमचीच होती’ म्हटलं, तर त्याचा सुपरवायझरना काही उपयोग नाही, कारण ज्यांनी चुकीचं ऐकलं ते सगळे त्या खोलीत होते.

उत्तर म्हणून मॅडमकडून बहुधा ‘अरे, त्यात काय एवढं!’ असा एका ओळीचा मेल येईल, किंवा काहीच येणार नाही. दोन्हींत वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आणि ‘नाही मॅडम, खरंच’ म्हणून दुसरा मेल पाठवायची तर मुळीच गरज नाही. त्यापेक्षा पुढच्या सोमवारच्या मीटिंगला जाताना वहीत एक सवय लावून घ्यावी. मुद्दा लिहिताना त्याच्यापुढे तो मांडणाऱ्याचं नावही लिहावं. आपण बोलायच्या तयारीत असताना कानांचा भरवसा धरता येत नाही, कागदाचा धरता येतो. एखाद्याचा मुद्दा दुसऱ्याच्या तोंडून परत आला, की वहीत बघा आणि ज्याचा आहे त्याचं नाव घ्या.